आधी भोके मोजा, मग प्लग लावा

जळगाव जामोदमधल्या एका घरी अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी जुना पेशंट मॉनिटर आणला आहे, असे समजा. ऑक्सिजन मोजणाऱ्या प्रोबची वायर कुठे जोडायची, हे घरात कुणालाच ठाऊक नाही. नातू यंत्राच्या मागच्या बाजूचा फोटो काढून पुण्यातल्या काकांना पाठवतो. फोटोत इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचे एक निळे पोर्ट दिसते. प्रोबचा प्लगही तसाच, तेवढ्याच रुंदीचा. काका सांगतात, "त्यातच लाव." घोळ होतो तो इथे.

ते निळे पोर्ट व्हीजीए, म्हणजे पडद्यावरचे चित्र दुसऱ्या स्क्रीनवर दाखवण्यासाठीचे. त्यात पाच-पाचच्या तीन ओळींत 15 भोके असतात. अनेक प्रोबच्या प्लगला मात्र नऊच पिना असतात, वर पाच आणि खाली चार. दोन्हींची बाहेरची धातूची चौकट एकाच मापाची, त्यामुळे फोटोत नुसती रुंदी पाहून फरक कळणारच नाही. जोर करून लावले, तर प्रोबच्या पिना वाकतात आणि पुढे योग्य जागी जोडूनही आकडा येत नाही.

नऊचाच आकडा जुळला म्हणूनही निश्चिंत होऊ नये. मागच्या बाजूला पुष्कळदा नऊ पिनांचे माहिती पाठवण्याचे पोर्ट असते. काही यंत्रांत ते भोकांचे असते आणि त्यात प्रोब सहज बसतो. पण त्या पोर्टवर 5 ते 15 व्होल्टचे संकेत असू शकतात. प्रोबमधले लाल आणि इन्फ्रारेड दिवे त्यासाठी बनवलेले नसतात. प्लग बसला म्हणजे जागा बरोबर, हा समज इथे महागात पडतो.

म्हणून फोटो समोरून, सरळ काढावा. फ्लॅश बंद ठेवून बाजूने टॉर्च धरली की भोके मोजता येतात. शेजारी छापलेली अक्षरे फोटोत यायलाच हवीत, आणि प्लगच्या तोंडाचा वेगळा फोटोही हवा. बहुतेक जण नेमका हाच विसरतात!

काकांनी भोके मोजली असती, तर त्यांना उमगले असते की हवी ती जागा या फोटोत नाहीच. बऱ्याच मॉनिटरमध्ये रुग्णाला जोडायच्या वायरी बाजूला लागतात. मागे वीज आणि माहितीची पोर्ट असतात. बाजूचा फोटो मागवला की `SpO2` लिहिलेले सॉकेट दिसते. तेही कधी गोल असते. मग प्रोब आणि यंत्र यांच्यामध्ये त्याच बनावटीची जोडवायर लागते.

प्रोब जोडल्यावर आकड्याआधी त्याखालची लाट पाहावी. ती नियमित हवी. मनगटावर मोजलेली नाडी आणि पडद्यावरची नाडी जुळत नसेल, तर ऑक्सिजनच्या आकड्यावर विसंबू नये.