गोळीच डोकं दुखवते तेव्हा

कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांच्या ओच्यात कापसासोबत आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे डोकेदुखीच्या गोळ्यांची पट्टी. आज आम्ही तिच्याबद्दलच बोलणार आहोत.

आमच्या गटातली एक ताई आहे, अडतीस वर्षांची. तिला लग्नाआधीपासून अर्धशिशी. महिन्यातून दोन-तीनदा, बहुतेक पाळीच्या आसपास, डोक्याची एक बाजू ठणकायची, मळमळायचं, उजेड आणि आवाज नको वाटायचा. अंधारात निजली की दुसऱ्या दिवशी बरी व्हायची. मागच्या दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली. रोजी बुडू नये म्हणून ती डोकं दुखायच्या आधीच, सकाळी वावरात जाताना किराणा दुकानातली गोळी घेऊ लागली. होळीपर्यंत रोज एक, कधी दोन. आणि डोकं? तेही रोजच दुखायला लागलं. पहाटे जाग यायची तीच दुखऱ्या डोक्यानं. गोळी घेतली की दोन-तीन तास बरं, मग पुन्हा तेच. "आजार वाढला, आता गोळीही पुरत नाही," असं तिला वाटे.

गटाच्या बैठकीत आम्ही तिला कॅलेंडर दिलं. डोकं दुखलं त्या तारखेला फुली, गोळी घेतली त्या तारखेला गोल. महिनाभरात अठ्ठावीस फुल्या आणि सव्वीस गोल झाले. तो कागद घेऊन आम्ही तिच्यासोबत ग्रामीण रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, रक्तदाब पाहिला आणि सांगितलं, "ही गोळ्यांच्या अतिवापरानं झालेली डोकेदुखी आहे."

हे होतं कसं? ज्यांना आधीपासून डोकेदुखी आहे, त्यांच्या मेंदूला वरचेवर वेदनाशामक मिळालं की दुखणं जाणवणाऱ्या नसा जास्त हळव्या होतात. गोळीचा असर उतरला की त्या लगेच ठणकतात. बाई पुन्हा गोळी घेते आणि चक्र फिरत राहतं. म्हणूनच ज्यांचं डोकं कधी दुखत नाही, त्यांनी गुडघ्यासाठी तीच गोळी घेतली तर सहसा हा त्रास होत नाही.

ओळखायचं कसं? अर्धशिशी झटक्यानं येते, चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत राहते, चाललं-फिरलं की वाढते आणि मध्ये चांगले दिवस जातात. ताणाच्या डोकेदुखीत डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी दाबतं, पण ओकारी नसते आणि काम करता येतं. गोळीच्या डोकेदुखीत मात्र चांगले दिवसच संपतात. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस डोकं दुखतं आणि तीन महिन्यांहून जास्त काळ गोळ्या चालू असतात. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन महिन्यात पंधरा दिवस झाली तर धोका. एका गोळीत दोन-तीन औषधं मिसळलेली असतील तर दहा दिवसही पुरतात. पट्टीच्या मागे नावं छापलेली असतात, ती वाचून घ्या.

ताईची गोळी डॉक्टरांनी एकदम बंद केली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखलं, ओकाऱ्या झाल्या, झोप आली नाही. तिचे मालक म्हणाले, "द्या एक गोळी, काय होते?" पण हे आधीच ठाऊक होतं, कारण डॉक्टरांनी सांगितलं होतं की पहिले आठ-दहा दिवस जड जातील. त्या दिवसांत जावेनं स्वयंपाक केला, आम्ही आळीपाळीनं बसलो. सोबत अर्धशिशी येऊच नये म्हणून रोजचं एक वेगळं औषध दिलं होतं. ते वेदनाशामक नाही, त्यामुळे त्यानं हे चक्र सुरू होत नाही. दोन महिन्यांनी कॅलेंडरवर पाच फुल्या उरल्या. अर्धशिशी गेली नाही, ती पूर्वीसारखी अधूनमधून येते. आता दुखायला लागलं की ती लगेच गोळी घेते, पण आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नाही.

एक सावधगिरी. ट्रॅमाडॉलसारखी जोरकस वेदनाशामकं किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर मनानं एकदम बंद करू नका. त्या डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू कमी कराव्या लागतात. बीपीची गोळीही थांबवू नका.

आणि डोकं अचानक, आयुष्यात कधी दुखलं नाही असं दुखलं, तापासोबत मान आखडली, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं, मार लागल्यावर दुखू लागलं किंवा गरोदरपणात, बाळंतपणानंतर जोरात दुखलं, तर फुल्या मोजत बसू नका. १०८ ला फोन करा. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखणं सुरू झालं, तरी लवकर तपासून घ्या.

बाकी बायांनी आज घरच्या कॅलेंडरवर पहिली खूण करा. महिन्यानं गोल दहाच्या पुढे गेले, तर ते पान फाडून आशाताईला दाखवा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा.