लिलावघरातलं सोनं कुठे जातं?

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात राक्षस मारला की सोन्याची नाणी मिळतात. ती कुणाच्या खिशातून येत नाहीत, त्याच क्षणी निर्माण होतात. असंख्य खेळाडू रोज अशी नाणी पाडतात, म्हणून लिलावघरातले भाव चढत जातात. खरेदी-विक्रीत सोनं फक्त या हातातून त्या हातात जातं. मात्र 1000 नाण्यांना तलवार विकली, तर विक्रेत्याला 950च मिळतात. उरलेली 50 खेळातून कायमची नाहीशी होतात. हा कर कुणाच्याच तिजोरीत जात नाही, हीच त्याची खरी ताकद. तरी धनाढ्यांकडचे साठे एवढ्याने आटत नाहीत. म्हणून 2018 मध्ये त्यांच्यासाठी पाठीवर लिलावदार वाहणारा महाकाय ब्रुटोसॉर विक्रीला आला. किंमत 50 लाख नाणी.