‘विसरलो’ की ‘विसरले’?

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या माजी विद्यार्थी निधीसाठी परदेशातून आलेला एक इंग्रजी मेल मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर पाच-सहा वाक्यांचा, खाली नाव फक्त ‘किरण’. समितीच्या बैठकीत तो वाचून दाखवायचा होता. भाषांतर झालं, वाचनही झालं. कागद खाली ठेवला आणि दुसऱ्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, “अहो, किरण माझ्या बाकावर बसायची. तिला पुरुष केलंत की तुम्ही.”

मूळ मजकुरात चूक शोधून सापडली नसती. इंग्रजीतलं ‘आय’ बाई-पुरुष काही सांगत नाही आणि त्याच्या क्रियापदालाही ते सांगावं लागत नाही. मराठीतलं ‘मी’सुद्धा तसंच आहे. फरक पडतो तो क्रियापदाशी. ‘मी आलो’ म्हटलं की पुरुष, ‘मी आले’ म्हटलं की बाई. मूळ लेखनात नसलेली माहिती भाषांतर करणाऱ्याला पदरची घालावी लागते, आणि सवयीने आपण पुरुष घालतो. किरण, शीतल, सुमन, कमल ही नावं आपल्याकडे मुलांचीही असतात आणि मुलींचीही. ‘एस. कुलकर्णी’ अशी सही असेल तर तेवढाही आधार नाही.

किरणचा मेल साधारण असा होता: ‘आय वॉज अवे लास्ट वीक अँड फरगॉट टु रिप्लाय. आय स्पोक टु द बँक यस्टरडे. आय अॅम सेंडिंग द पेपर्स टुडे. आय कॅन कम ऑन फ्रायडे. सॉरी आय कुडन्ट अटेंड द लास्ट मीटिंग.’ त्याचं माझं पहिलं मराठी असं झालं होतं: ‘गेल्या आठवड्यात मी बाहेरगावी होतो, त्यामुळे उत्तर द्यायला विसरलो. काल बँकेशी बोललो. आज कागद पाठवतो. शुक्रवारी येऊ शकतो. मागच्या बैठकीला येऊ शकलो नाही, माफ करा.’ होतो, विसरलो, बोललो, पाठवतो, शकतो, शकलो. पाच वाक्यांत सहा वेळा किरणला पुरुष ठरवलं गेलं.

आता हेच पुन्हा करून पाहू. पण त्याआधी मराठी क्रियापद कुठे बोलतं आणि कुठे गप्प राहतं, हे नीट बघायला हवं. ते सगळीकडे बोलत नाही. भविष्यकाळात ‘मी येईन, करीन, सांगेन’ हे कोणीही म्हणावं. ‘मी येणार आहे’ तसंच. हिंदीत ‘आऊँगा’ की ‘आऊँगी’ हे ठरवावंच लागतं, आपल्याला नाही. ‘मी पाठवत आहे’ या रूपातही लिंग नाही. ते बोलण्यात आकसून ‘पाठवतोय’ किंवा ‘पाठवतेय’ झालं की मात्र उघड होतं. नकारातही वर्तमानकाळ गप्प असतो: ‘मी येत नाही’, ‘मी येऊ शकत नाही’. शाळेत रोज म्हटली जाणारी प्रतिज्ञा आठवून पाहा. तिच्यातली क्रियापदं ‘करीन’, ‘ठेवीन’, ‘करीत आहे’ अशी आहेत, म्हणून मुलगे आणि मुली एकच मजकूर एका सुरात म्हणू शकतात.

सगळ्यात मोठी सोय भूतकाळात आहे, आणि गोंधळही तिथेच होतो. ‘मी पत्र पाठवलं, मी चिठ्ठी पाठवली, मी फोटो पाठवला.’ इथे क्रियापद पाठवणाऱ्याकडे बघतच नाही, पाठवलेल्या वस्तूकडे बघतं. शाळेतल्या व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणत. ‘मी चिठ्ठी पाठवली’मध्ये स्त्रीलिंगी आहे ती चिठ्ठी. ‘मी कागद पाठवले’ हे वाक्य तपासताना माझीही नजर एकदा अडखळली होती, कारण शेवटी ‘ले’ दिसतं. तो ‘ले’ कागदांच्या अनेकवचनाचा आहे, बाईचा नाही. शंका आली तर एक साधी कसोटी आहे: ‘मी’च्या जागी ‘किरणने’ घालायचं. ‘किरणने कागद पाठवले’ बसतं, म्हणजे वाक्य सुरक्षित. ‘किरणने विसरले’ बसत नाही, म्हणजे तिथे क्रियापद माणसाकडे बघतंय.

या कसोटीत नापास होणारी क्रियापदं ध्यानात ठेवावी लागतात, कारण ती फसवी आहेत. जाणं, येणं, बसणं यांना कर्मच नाही, त्यामुळे ती माणसाचं लिंग घेणार हे उघड आहे. पण विसरणं, बोलणं, शिकणं, भेटणं, पिणं यांच्याबरोबर कशाला, कोणाला, काय हे सगळं असतं, तरी ती कर्त्याला सोडत नाहीत. ‘मी मराठी शिकलो’, ‘मी चहा प्याले’. इंग्रजी मेलमध्ये तर ‘फरगॉट’, ‘स्पोक’, ‘मेट’ यांचीच गर्दी असते.

मग वळसा घ्यायचा तो कसा? मराठीत एक जुनी, अगदी घरगुती वाट आहे. माणसाला कर्त्याच्या जागेवरून हलवून ‘मला’ किंवा ‘माझं’ करायचं. मला वाटतं, मला आठवतं, मला जमलं नाही, माझं बोलणं झालं, माझा जन्म नाशिकचा. हे आपण दिवसभर बोलतो, ते काही भाषांतरासाठी शोधून काढलेलं नाही. त्या वाटेने किरणचा मेल असा होतो:

‘गेल्या आठवड्यात माझा मुक्काम बाहेरगावी होता आणि उत्तर द्यायचं राहून गेलं. काल बँकेशी माझं बोलणं झालं. कागद आज पाठवत आहे. शुक्रवारी मला येता येईल. मागच्या बैठकीला येणं जमलं नाही, त्याबद्दल क्षमस्व.’

सहापैकी एकही क्रियापद किरणबद्दल काही बोलत नाही, आणि वाचताना कुठे अडखळायला होत नाही. ‘माझं बोलणं झालं’ तर मला ‘मी बोललो’पेक्षा जास्त मराठी वाटतं.

तरी दोन ठिकाणी सावध राहावं लागतं. ‘राहून गेलं’ हे ‘फरगॉट’ नाही. मूळ मजकुरात माणूस विसरल्याची कबुली देतोय. ‘राहून गेलं’ म्हटलं की दोष कोणाचाच उरत नाही, वेळच मिळाला नाही असंही वाटू शकतं. निधीच्या मेलमध्ये हे खपून जाईल. पण माफीनाम्यात, तक्रारीत किंवा जबाबात हा फरक कोणाला तरी महागात पडेल. तिथे ‘उत्तर द्यायचा मला विसर पडला’ असं लिहायला हवं. जरा जड आहे, पण कबुली शाबूत राहते. दुसरं ठिकाण बँकेचं. ‘बोललो’ टाळायला ‘मी बँकेला फोन केला’ असं लिहायचा मोह होतो. व्याकरण सुटतं, पण फोन मुळात नाही. कदाचित किरण बँकेत जाऊन बोलून आली असेल. लिंग लपवायला म्हणून नवी माहिती घालणं ही तीच चूक झाली, फक्त जागा बदलली.

‘आम्ही’चा आडोसाही असाच. ‘आम्ही आलो’ हे पुरुष म्हणतात, बायकाही म्हणतात. संस्थेच्या वतीने आलेलं पत्र असेल तर ‘आम्ही’ चोख बसतं. एकट्या माणसाच्या मेलमध्ये ते घातलं तर बँकेशी चार जण बोलून आले असं होईल.

पत्राच्या शेवटी एक सापळा असतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. वरचा मजकूर निगुतीने सांभाळायचा आणि खाली ‘आपला विश्वासू’ लिहून मोकळं व्हायचं. इथे क्रियापद नाही, पण ‘आपला’ आहे. ‘विनंती करतो’च्या जागी ‘विनंती आहे’, ‘आशा करतो’च्या जागी ‘आशा आहे’ हे सुचतं, सही मात्र हात आपोआप घालतो. तिथे ‘कळावे, लोभ असावा’ हा आपला जुना शेवट बरा, त्यात कोणाचंच लिंग नाही. वाक्यात ‘थकलेला’, ‘एकटा’, ‘तयार झालेला’ अशी विशेषणं असतील तर त्यांच्यावरूनही एकदा नजर फिरवावी. ‘मी आभारी आहे’ किंवा ‘मी तयार आहे’ यांना मात्र हात लावायची गरज नाही.

आता मर्यादा. रोजच्या सवयीचा वर्तमानकाळ या सगळ्याला दाद देत नाही. ‘मी पुण्यात राहतो, शाळेत शिकवतो, सकाळी टेकडीवर जातो, रविवारी गाणं ऐकतो.’ पहिल्याला ‘माझं घर पुण्यात आहे’ म्हणता येतं, पण माणूस भाड्याच्या खोलीत असेल तर तेही थोडं जास्तीचंच. दुसऱ्याला ‘शाळेत शिकवणं हे माझं काम’ म्हणता येईल. तिसऱ्याला ‘सकाळी माझं टेकडीवर जाणं असतं’ म्हटलं की कान टवकारले जातात, आणि चौथ्यापर्यंत वाचणाऱ्याला कळतं की लिहिणारा काहीतरी चुकवतोय. तीन पानांच्या आठवणी अशा लिहिता येत नाहीत, आणि लिहूही नयेत. सरकारी स्वयंघोषणापत्रात ‘घोषित करतो/करते’ असं असतं. तिथे ते योग्य आहे, कारण सही करणारा आपल्याला नको ते खोडू शकतो. पत्रात वाक्यागणिक तिरकी रेघ आली तर माणसाचा आवाजच बंद होतो.

ऐकीव पुराव्यावरही भिस्त ठेवू नये. कोल्हापूरकडे बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात, ती त्यांची बोली आहे. हुद्द्यावरून, मजकुराच्या सुरावरून किंवा पत्रात ‘माझा नवरा’ असा उल्लेख आहे एवढ्यावरून ठरवणं म्हणजे अंदाजच. काही जणांना दोन्हींपैकी एकही रूप स्वतःसाठी नको असतं. त्यांच्या पत्रात लिंग न दाखवणारी वाक्यरचना ही तडजोड नसते, तेच अचूक भाषांतर असतं.

माझी पद्धत आता ठरलेली आहे. मजकूर छोटा असेल तर तो वरच्या वाटेने करायचा, आणि शेवटी फक्त ‘मी’ असलेली भूतकाळातली वाक्यं घेऊन एकेका क्रियापदाला ‘किरणने’ची कसोटी लावायची. मजकूर मोठा असेल, किंवा त्यात सवयी, आठवणी, कबुल्या असतील, तर पहिली ओळ लिहिण्याआधी विचारायचं. किरणच्या बाबतीत असं विचारायला एक मेल पुरला असता.

म्हणून इंग्रजीत लिहून मराठी करून घेणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. मजकुराखाली, भाषांतर करणाऱ्यासाठी, एक ओळ जरूर लिहा: मराठीत माझ्या तोंडी ‘करतो’ घाला, ‘करते’ घाला, किंवा दोन्ही टाळा.