‘अनामत परत मिळणार नाही’ नावाचं पान

२०२४ च्या पितृपक्षात आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंचा फोन आला. वैतागलेल्या होत्या. “अहो, गूगलवर आमच्या दिवाळी अंक योजनेचं नाव काय दिसतंय, जरा बघा तरी!” बघितलं. शोधाच्या निकालात निळ्या, ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘अंक हरवल्यास अनामत परत मिळणार नाही’. खाली पत्ता वाचनालयाचाच. योजनेत नाव नोंदवायला आलेला माणूस हे वाचून पुढे जाणार की मागे फिरणार, हे सांगायला नको.

हे नाव कोणी दिलं? वाचनालयाने नक्कीच नाही. त्यांच्या पानाला शीर्षक होतं. गूगलने ते बाजूला ठेवलं आणि दुसरं शोधून लावलं.

वेबपानाला एक शीर्षक असं असतं, जे पानावर छापलेलं दिसत नाही. ते ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, म्हणजे टॅबवर दिसतं आणि पानाच्या कोडमध्ये `<title>` या खुणेत लिहिलेलं असतं. बहुतेकांची समजूत असते की सर्च इंजिन हेच उचलून निकालात दाखवतं. बहुतेक वेळा तसं होतंही, पण नेहमी नाही. निकालातलं शीर्षक शोधणाऱ्याच्या शब्दांनुसार बदलणं गूगल निदान २०१२ पासून करत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी नवी पद्धत आणली. तीत पानाचं एकूण वर्णन कोणत्या शब्दांत नीट होतं, हे पाहून शीर्षक ठरतं. कोणी काय शोधलं यावर ते अवलंबून राहत नाही. साइटवाल्यांनी बरीच ओरड केली. मग त्या सप्टेंबरात गूगलने पद्धतीत सुधारणा केल्या आणि सांगितलं की आता साधारण ८७ टक्के वेळा पानाचं स्वतःचं शीर्षकच वापरलं जातं. आधी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं. उरलेल्या तेरा टक्क्यांत आमचं वाचनालय होतं. बिंगही शीर्षकं बदलतं, पण बाईंकडे येणारे वाचक गूगलवरूनच येत होते, म्हणून गूगलचंच बोलू.

गूगलला शीर्षक आवडलं नाही तर ते दुसरीकडे शोधायला लागतं. पानावरचा मुख्य मथळा, म्हणजे कोडमधला `<h1>`. इतर मोठ्या, ठळक अक्षरांतला मजकूर. पान समाजमाध्यमांवर पाठवल्यावर दिसणारं नाव, म्हणजे `og:title`. आणि इतर पानांवरून या पानाकडे येणाऱ्या दुव्यांचे शब्द. या सगळ्यांतून ते निवड करतं.

वाचनालयाचं पान मी ब्राउझरमध्ये उघडलं आणि Ctrl+U दाबलं. त्याने पानाचा मूळ कोड समोर येतो. त्यात शोधल्यावर ही ओळ सापडली :

```html
<title>Home - Diwali Ank 2021 | Diwali Ank Library | Marathi Diwali Ank | Diwali Ank Yojana</title>
```

या एका ओळीत चार दोष आहेत, आणि चारही आपल्याकडच्या साइटवर सर्रास दिसतात. ‘Home’ हा शब्द काहीच सांगत नाही. एकच शब्द फिरवून फिरवून चार वेळा आला आहे. कोण्या हुशार माणसाने असं केल्याने पान वर येतं असं सांगितलं असणार. साल २०२१ चं आहे आणि पानावर योजना २०२४ ची. गूगलला शीर्षक जुनं आणि मजकूर नवा असा फरक दिसला की ते शीर्षकावर विश्वास ठेवत नाही.

चौथा दोष मराठीवाल्यांचा खास आहे. अख्खं पान देवनागरीत आणि शीर्षक रोमन लिपीत. जून २०२२ मध्ये गूगलने जाहीर केलं की शीर्षकाची भाषा किंवा लिपी पानातल्या मुख्य मजकुराशी जुळत नसेल, तर मजकुराशी जुळणारं शीर्षक शोधून लावलं जाईल. लोक रोमनमध्ये टाइप करून शोधतात, म्हणून शीर्षकही रोमनमध्ये, हा हिशेब आपल्याकडे अनेकांनी केलेला आहे. निकालात आपलंच नाव दिसावं असं वाटत असेल तर तो हिशेब सोडून द्यावा, असं माझं मत आहे. मराठी पानाला मराठी शीर्षक.

आता प्रश्न असा की गूगलने अनामतीची ओळच का उचलली? दिसणारे शब्द मी कोडमध्ये Ctrl+F करून शोधले आणि उत्तर लगेच मिळालं. ती ओळ `<h1>` मध्ये होती. वर्डप्रेसमध्ये मजकूर लिहिताना कार्यालयातल्या मुलाला ती सूचना मोठी दिसायला हवी होती. त्याने यादीतून सगळ्यात मोठा आकार निवडला, आणि तो आकार म्हणजेच ‘Heading 1’. त्याच्या दृष्टीने ती मोठी अक्षरं होती. गूगलच्या दृष्टीने तो पानाचा मथळा होता. आणि योजनेचं खरं नाव? ते पानाच्या माथ्यावर डीटीपीवाल्याकडून करून घेतलेल्या सुंदर जाहिरातीत होतं, पणत्यांच्या शेजारी. म्हणजे चित्रात. अक्षरं म्हणून ते कोडमध्ये कुठेच नव्हतं. अख्ख्या पानावर मथळा म्हणावा अशी ओळ एकच होती, आणि ती अनामतीची होती.

गूगलवर रागावण्यात अर्थ नव्हता. आम्ही तीन ओळी बदलल्या :

```html
<title>दिवाळी अंक वाचन योजना २०२४ : वर्गणी आणि नोंदणी | सार्वजनिक वाचनालय</title>
<h1>दिवाळी अंक वाचन योजना २०२४</h1>
<p><strong>अंक हरवल्यास अनामत परत मिळणार नाही.</strong></p>
```

शीर्षक आणि मथळा शब्दशः एक असण्याची गरज नाही, पण दोघांनी एकच गोष्ट सांगायला हवी. पानावर मथळ्याच्या आकाराची ओळ एकच ठेवावी. गूगलला पान नेमकं कशाचं आहे हे ओळखायला त्याने सोपं जातं. सूचना ठळक हवी असेल तर ठळक करावी, मथळा करू नये. लांबीसाठी गूगलने अक्षरांची मर्यादा सांगितलेली नाही. जेवढं पडद्याच्या रुंदीत मावतं तेवढं दिसतं, बाकीचं कापलं जातं. म्हणून योजनेचं नाव आधी आणि वाचनालयाचं शेवटी. `og:title` एसइओच्या प्लगइनमध्ये वेगळ्या रकान्यात असतं. तिथेही २०२१ च होतं, ते बदललं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन : “अजून तेच दिसतंय.” ते साहजिक होतं. आपण पान बदललं म्हणून गूगलला कळत नाही. त्याने पुन्हा येऊन पान वाचावं लागतं, आणि त्याला काही दिवस किंवा काही आठवडेही लागू शकतात. तो कधी येऊन गेला हे बघायची सोय गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये आहे, आणि ती फुकट आहे. तिथे पानाचा पत्ता ‘URL Inspection’ मध्ये टाकला की ‘Last crawl’ समोर तारीख दिसते. आमची तारीख दोन आठवड्यांपूर्वीची होती, म्हणजे दुरुस्तीच्या आधीची. आम्ही ‘Request Indexing’ दाबून पान पुन्हा वाचायची विनंती केली. तारीख दुरुस्तीच्या आधीची असेपर्यंत कोडला पुन्हा हात लावू नये. रोज शीर्षक बदलत बसलं तर कशाने काय झालं ते कळेनासं होतं.

चार दिवसांनी तारीख बदलली. शीर्षक मात्र तेच राहिलं.

आता खरी शोधाशोध सुरू झाली. अशा वेळी आपण पान पाहतो ते न पाहता, गूगलला काय दिसतं ते पाहायचं. त्याच साधनात ‘Test Live URL’ दाबलं की गूगल पान तिथल्या तिथे आणतो, आणि ‘View Tested Page’ मध्ये त्याला मिळालेला कोड वाचता येतो. वाचला, आणि मीच चमकलो. त्यात जुनंच `<title>` आणि जुनाच `<h1>` होता! बाईंच्या संगणकावर नवं पान आणि गूगलला जुनं?

कारण कॅशचं प्लगइन. पान पटकन उघडावं म्हणून हे प्लगइन पानाची तयार प्रत ठेवतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तीच देतं. लॉगिन केलेल्या माणसाला मात्र ताजं पान दाखवतं. बाई लॉगिन करूनच साइट बघत होत्या, म्हणून त्यांना सगळं ठीक दिसत होतं. त्यांना ब्राउझरची खासगी खिडकी उघडून तोच पत्ता बघायला सांगितलं. फोनवर दोन मिनिटं शांतता. मग, “अहो, इथे तर अनामतच आहे!” कॅश रिकामं केलं, लाइव्ह तपासणीत नवा मथळा दिसतोय याची खात्री केली आणि मगच पुन्हा विनंती पाठवली.

ताजं पान गूगलपर्यंत पोचूनही नाव बदललं नाही, तर मी त्याच साधनात ‘Google-selected canonical’ समोरचा पत्ता बघतो. एकाच मजकुराची दोन पानं असली, म्हणजे समजा जुन्या वर्षाची प्रत तशीच राहिली असली, तर गूगल त्यातलं एक मुख्य धरतं आणि त्याचंच शीर्षक दाखवतं. तिथे दुसराच पत्ता दिसला तर दुरुस्ती त्या पानात करावी लागते, किंवा जुनं पान नव्याकडे वळवावं लागतं. दाखवलेले शब्द पानावर कुठेच नसतील तर ते बहुधा बाहेरच्या दुव्यांमधून किंवा आपल्याच साइटच्या मेन्यूमधून आलेले असतात. आणि `robots.txt` मध्ये त्या पानाला बंदी घातली असेल तर गूगल पान वाचूच शकत नाही. मग लोकांनी दुवा देताना जे शब्द लिहिले तेच नाव म्हणून लागू शकतं.

‘माझंच शीर्षक दाखवा’ अशी सक्ती करणारी खूण गूगलने दिलेली नाही. तसा प्लगइन विकणारा भेटला तर पैसे देऊ नयेत. एवढं खरं की निकालात नाव बदललेलं दिसलं तरी पानाचा क्रम ठरवताना मूळ शीर्षक विचारात घेतलं जातं, असं गूगलच्या लोकांनी सांगितलेलं आहे. म्हणून ते नीट लिहिणं वाया जात नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी निकालात दिसलं : ‘दिवाळी अंक वाचन योजना २०२४ : वर्गणी आणि नोंदणी’. शेवटचं ‘सार्वजनिक वाचनालय’ गूगलने गाळलं होतं, कारण वाचनालयाचं नाव त्याच्या वरच्या ओळीत साइटचं नाव म्हणून येतच होतं. बाईंना ते खटकलं, पण त्यासाठी पुन्हा कोडमध्ये शिरू नका असं मी सांगितलं. त्यांनी नव्या वर्षाच्या कालनिर्णयात सप्टेंबरच्या पानावर लिहून ठेवलं आहे : शीर्षक, मथळा आणि `og:title`, तिन्हीकडे साल बदलणे, मग कॅश रिकामं करणे.