चार्जर बदलण्याआधी

माझा पुतण्या घरोघरी पार्सलं पोहोचवण्याचं काम करतो. त्याच्या कामात मोबाईल म्हणजे हजेरीपट, नकाशा आणि पावतीपुस्तक, तिन्ही एकत्र. गेल्या महिन्यात एका संध्याकाळी तो वैतागून घरी आला. “चाचा, रात्रभर लावून ठेवला तरी सकाळी साठ टक्के. हात लागला की चार्जिंग बंद. आज दुपारी दोनलाच फोन मेला, सहा पार्सलं परत न्यावी लागली.” दुकानदारानं सांगितलं होतं, आतला चार्जिंगचा भाग गेलाय, बाराशे रुपये लागतील. त्याच्या जवळजवळ दोन दिवसांच्या कमाईचा प्रश्न होता. मी म्हटलं, “उद्या जा दुकानात. आजची संध्याकाळ मला दे.”

पुतण्याच्या बोलण्यात खरं तर दोन तक्रारी होत्या. एक, चार्जिंग तुटतं. दुसरी, चार्जिंग हळू होतं. आपण दोन्ही एकाच श्वासात सांगतो, पण त्यांची कारणं बहुधा वेगळी असतात. तुटणं म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे. हळू होणं म्हणजे जोड आहे, पण वीज पुरेशी पोहोचत नाही. म्हणून आधी तुटण्याचा छडा लावायचा, मग हळूपणाचा. आणि एका वेळी एकच वस्तू बदलायची. केबल, अडॅप्टर सगळं एकदम बदललं, तर फोन चालू होईल, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

आम्ही त्याची केबल त्याच्या चाचीच्या फोनला लावली. पिन घट्ट बसली, केबल हळूच हलवली तरी चार्जिंग तुटलं नाही. मग चाचीची चांगली केबल त्याच्या फोनला लावली. लगेच तुटलं. म्हणजे दोष केबलबरोबर दुसऱ्या फोनात गेला नाही, तो याच फोनात राहिला. उलट घडलं असतं, तर केबल दोषी ठरली असती. ही अदलाबदल पाच मिनिटांची आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आता फोनचं तोंड पाहू. चाचीच्या फोनात पिन ‘टक्’ करून आत जात होती. पुतण्याच्या फोनात तो आवाज नव्हता, आणि पिनेची थोडी धातूची कड बाहेर दिसत होती. टॉर्च मारून पाहिलं तर तळाशी राखाडी थर दिसला. दिवसभर पँटच्या खिशात राहणाऱ्या फोनात कापडाचं सूत, धूळ आणि घाम जातो. प्रत्येक वेळी पिन घालताना आपणच तो भुगा आणखी ठासतो. शेवटी त्याचा नमदा होतो, पिन तळापर्यंत जात नाही आणि जेमतेम टेकलेला जोड धक्क्यानं सुटतो.

हा भुगा काढताना घाई नको. फोन पूर्ण बंद करावा. लाकडी टूथपिकचं टोक चाकूनं चपटं, बारीक करून घ्यावं. सुई, पिन, सेफ्टीपिन अजिबात नको. टाइप-सीच्या खाचेत मधोमध एक पातळ पट्टी असते, तिच्या दोन्ही बाजूंना वीज घेणारे बारीक संपर्क असतात. ती पट्टी वाकली किंवा मोडली, तर दुकानदाराचे बाराशे खरे होतील. म्हणून पट्टीला न भिडता, बाहेरच्या भिंतीलगत काडी तळापर्यंत न्यावी आणि भुगा उकरून बाहेर ओढावा. तोंडानं फुंकू नये, फुंकरीबरोबर ओलावा आत जातो. आमच्या हाती वाटाण्याएवढा गोळा आला. त्यानंतर पिन टक् करून बसली, फोन हलवला तरी चार्जिंग तुटेना.

पण हळूपणा उरलाच होता. स्क्रीनवर अजूनही “Charging slowly” असं दिसत होतं. मग आम्ही घड्याळ लावलं. स्क्रीन बंद ठेवून अर्ध्या तासात किती टक्के चढतात, ते पाहायचं. हे मोजमाप वीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान करावं, कारण ऐंशीच्या पुढे चांगला फोनही मुद्दाम मंद होतो. फोन तापलेला असेल तरी तो हळू होतो, तेव्हा आधी थंड होऊ द्यावा.

पहिल्या अर्ध्या तासात त्याच्याच केबल-अडॅप्टरवर वीसवरून चोवीस टक्के झाले. मग फक्त केबल चाचीची घेतली. पुढच्या अर्ध्या तासात चोवीसवरून तेहतीस. दुपटीहून जास्त! म्हणजे ती केबल तुटत नसली तरी आतून झिजली होती. केबल बहुधा पिनेजवळच्या मानेशी झिजते, कारण तिथे ती रोज वाकते. आतल्या तांब्याच्या तारांपैकी काही तुटतात, उरलेल्या थोड्या तारांवर सगळा भार येतो. अडॅप्टरनं दिलेले पाच व्होल्ट वाटेतच घटतात. फोनला साधारण साडेचार व्होल्टच्या आसपासच येऊ लागले, की तो स्वतःच वीज कमी ओढतो. पुतण्याच्या केबलचं आवरण मानेशी तडकलेलं होतंच, आपण ते रोज पाहत होतो, इतकंच.

तिसऱ्या फेरीत अडॅप्टर बदलला. पुतण्याच्या अडॅप्टरवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, OUTPUT: 5V 1A. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. हा झाला पाच वॅट, एका जुन्या लहान फोनचा. त्याच्या आताच्या फोनची बॅटरी पाच हजार मिलिअँपिअर-तासांची, म्हणजे सुमारे एकोणीस वॅट-तासांची. पाच वॅटवर ती भरायला, वाया जाणारी वीज धरून, पाच तास सहज लागतात, आणि तेही केबल चांगली असेल तर. चाचीच्या अडॅप्टरवर 9V 2A होतं, अठरा वॅट. अर्ध्या तासात तेहतीसवरून पासष्ट टक्के!

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जास्त वॅटचा अडॅप्टर असूनही वेग वाढेलच असं नाही. फोन आणि अडॅप्टर केबलमधल्या बारीक तारांतून आधी आपसांत बोलतात. दोघांची भाषा जुळली, तरच व्होल्ट वाढतात. नाहीतर ते साध्या पाच व्होल्टवर येतात. म्हणून अडॅप्टर घेताना आपल्या फोनला कोणती पद्धत चालते, ते खोक्यावर पाहावं.

तीन दोष निघाले, आणि तिन्ही फोनच्या बॅटरीबाहेरचे. नवी केबल आणि अडॅप्टर सातशे रुपयांत आले. मात्र दुकानदार नेहमी चुकीचाच असतो, असं समजू नका. तोंड साफ करूनही चांगली पिन सैल हलत असेल, आतले संपर्क काळे पडले असतील, तर तो भाग बदलावाच लागतो. पिन किंवा अडॅप्टर हात लावता न येण्याइतका तापला, जळका वास आला, किंवा फोनची पाठ फुगली, तर कुठलीही परीक्षा न करता प्लग काढावा आणि फोन जाणकाराकडे न्यावा.

पुतण्या आता फोन खिशात ठेवताना तोंड वरच्या बाजूला ठेवतो. भुगा खिशाच्या तळाशी साठतो, हे त्याला त्या गोळ्यानंच शिकवलं.

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)