गुलमोहराच्या फटींतलं आकाश

मे महिन्यात फुललेला गुलमोहर फोटोत हमखास देखणा दिसतो आणि त्यामागचं आकाश हमखास वाईट. दुपारचं आभाळ धुरकट, पांढरंफटक असतं. झाड नीट दिसावं म्हणून एक्स्पोजर वाढवलं की आकाश बर्न होतं. मग कॅलेंडरवाला किंवा अल्बमवाला सांगतो, ‘झाड हेच ठेवा, फक्त मागचं आकाश काढून संध्याकाळचं टाका.’ सांगायला एवढंसं काम आहे. पण गुलमोहराचं एकेक पान म्हणजे शेकडो बारक्या पर्णिकांची पिसं, आणि त्या प्रत्येक पर्णिकेच्या दोन्ही बाजूंना आकाशच.

नवखा माणूस पहिल्यांदा मॅजिक वाँड घेतो, आकाशावर क्लिक करतो आणि डिलीटचं बटण दाबतो. लांबून बरं दिसतं. मोठं करून पाहिलं की पर्णिकांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात, बारीक डहाळ्या मधेच तुटतात आणि फांद्यांच्या बेचक्यात पांढरे तुकडे अडकून राहतात. टॉलरन्सचा आकडा वाढवला तर पानं जास्त कापली जातात, कमी केला तर आकाश जास्त उरतं. मधला सोयीचा आकडा सापडत नाही, कारण तो नसतोच. वाँडला प्रत्येक पिक्सेलबद्दल जवळपास हो किंवा नाही असंच उत्तर द्यावं लागतं. पर्णिकेच्या कडेवरचा पिक्सेल मात्र धड पानाचा नसतो आणि धड आकाशाचाही नसतो. लेन्समधून दोन्हींचा प्रकाश त्या एकाच ठिपक्यावर पडलेला असतो.

तेव्हा लागतो तो ‘थोडं’ म्हणू शकणारा मास्क. लेयर मास्क हे खरं तर एक काळं-पांढरं चित्र असतं. त्यात जिथे पांढरं तिथे लेयर पूर्ण दिसतो, काळं तिथे झाकला जातो आणि करड्या जागी अर्धामुर्धा दिसतो. हा मास्क हाताने रंगवण्याऐवजी फोटोतल्या उजेडातूनच बनवला की त्याला ल्युमिनॉसिटी मास्क म्हणतात. निसर्गचित्रं टिपणारे अमेरिकन छायाचित्रकार टोनी कायपर यांनी २००६च्या सुमारास ही पद्धत लोकांपर्यंत पोचवली. फोटोशॉपमध्ये `Ctrl+Alt+2` दाबलं की फोटोतल्या उजेडाप्रमाणे निवड होते. उजळ भाग जास्त निवडला जातो, गडद भाग कमी. आपलं आकाश उजळ, झाड गडद. म्हणजे फांद्यांची सगळी नक्षी आधीच फोटोत काढून ठेवलेली आहे, ती फक्त उचलायची.

गुलमोहराच्या बाबतीत मात्र हा सरळ शॉर्टकट थोडा फसवा आहे. एकूण उजेड मोजताना फोटोशॉप लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींचा हिशेब धरतं, आणि गुलमोहराच्या फुलात लाल ठासून भरलेला असतो. ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला, तर फुलाचा एकूण उजेड ९५च्या आसपास येतो आणि मास्कमध्ये फूल करडं उमटतं. चॅनेल्सच्या पॅनेलमध्ये एकेक रंग वेगळा करून बघावा. लाल चॅनेलमध्ये फुलं जवळजवळ आकाशाइतकी पांढरी असतात, तिथे काहीच हाती लागणार नाही. निळ्यात मात्र चित्र पालटतं. आकाश २४०च्या आसपास, फुलं ३०, पानं ५०-६०. सगळं झाड काळं आणि मागे पांढरा पडदा.

हे नशिबाने जमून आलेलं नाही. पानातलं हरितद्रव्य निळा प्रकाश शोषून घेतं, पिवळ्या छटा देणारी द्रव्यंही तेच करतात. त्यामुळे उन्हाकडे धरल्यासारखं आरपार उजळलेलं पोपटी पानसुद्धा निळ्या चॅनेलमध्ये गडदच राहतं. झाडाचा मास्क करायला बसलेल्यांचा हात आधी निळ्या चॅनेलकडे जातो तो यामुळेच.

आता प्रत्यक्ष काम. निळ्या चॅनेलची प्रत काढायची. मूळ चॅनेलला हात लावला तर फोटोचे रंगच बिघडतात, म्हणून प्रतच. तिच्यावर `Ctrl+L` दाबून लेव्हल्स उघडायच्या. काळा स्लायडर ८०पर्यंत आत आणायचा, पांढरा २२५पर्यंत. आकाश शुभ्र होतं, पानंफुलं काळी होतात, कडा करड्या राहतात. इथे मोह आवरावा लागतो. दोन्ही स्लायडर जवळजवळ आणले की मास्क पडद्यावर छान कडक, स्वच्छ दिसतो. पण मधला करडा पट्टा संपतो आणि आपण फिरून मॅजिक वाँडपाशीच येतो, कडांना करवतीचे दात येतात. दोन स्लायडरमध्ये शंभरेक पायऱ्यांचं अंतर असू द्यावं.

एवढं करून खोड आणि जाड फांद्या मात्र करड्याच राहतात, कारण गुलमोहराची साल राखाडी, फिकट असते. तिथे सरळ काळा ब्रश घेऊन आतला भाग भरून टाकायचा. कडेला जायचं नाही, कडेचं काम चॅनेलने केलेलंच आहे. झाडाखालची घरं, पांढऱ्या भिंती, गाड्या याही लासोने घेरून काळ्या कराव्यात. दाट पानांमधे राहिलेले करडे डाग घालवायला ब्रशचा मोड ओव्हरले ठेवावा. त्या मोडमध्ये काळा ब्रश गडद करड्याला झटकन काळं करतो आणि शुद्ध पांढऱ्याला स्पर्शच करत नाही, त्यामुळे फटींतलं आकाश शाबूत राहतं. गुलमोहराला हा त्रास कमी. पिंपळासारख्या तुकतुकीत पानांच्या झाडाला फार. पानावर आकाशाचंच प्रतिबिंब चमकत असतं, मास्क त्याला आकाशच समजतो आणि पानाला भोक पाडतो.

मग `Ctrl` दाबून या चॅनेलच्या छोट्या चित्रावर क्लिक करायचं, म्हणजे आकाश निवडलं जातं. पुन्हा RGBवर येऊन, झाडाच्या लेयरवर `Alt` दाबून मास्कच्या चिन्हावर क्लिक केलं की निवडलेलं आकाश झाकलं जातं. सरकत्या ठिपक्यांच्या रेषेवर विसंबू नये. ती फक्त निम्म्याहून जास्त निवडलेला भाग दाखवते, उरलेली करडी निवड दिसत नसली तरी असते. आणि आकाश झाकायचं, डिलीट करायचं नाही. झाकलेलं परत उघडता येतं.

आता खाली संध्याकाळचं गडद आकाश ठेवलं की नवा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक पर्णिकेभोवती बारीक पांढरी किनार. बहुतेक लोक इथे मास्कला दोष देतात आणि तो आणखी घट्ट करत बसतात, मग पानं कापली जातात. दोष मास्कचा नसतोच. एकच पिक्सेल घेऊन पाहू. अर्धं पान आणि अर्धं पांढरं आकाश असलेला ठिपका फाइलमध्ये १९०च्या आसपास नोंदला जातो. दोन्हींची सरासरी याहून कमी भरेल, पण फाइलमधले आकडे प्रत्यक्ष प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतात, म्हणून तो इतका वर जातो. आपल्या मास्कने त्यातला सुमारे चौथा हिस्सा दाखवायचा ठरवला आहे. नवं आकाश १०० असेल तर १९०चा चौथा हिस्सा आणि १००चे तीन चतुर्थांश मिळून १२२ होतात. गडद पान आणि १००चं आकाश यांच्या मधला ठिपका दोघांहूनही उजळ! प्रमाण बरोबर आहे, पण त्या ठिपक्याच्या रंगात जुनं आकाश अजून मुरलेलं आहे.

यावरचा माझा आवडता इलाज मल्टिप्लायचा. झाडाचा लेयर दोनदा घ्यायचा. खालच्या प्रतीला मास्क नाही, तिचा ब्लेंड मोड मल्टिप्लाय, आणि लेव्हल्सने तिचं आकाश पूर्ण २५५ करायचं. मल्टिप्लायमध्ये पांढरं अदृश्य होतं, म्हणून नवं आकाश जसंच्या तसं दिसतं. आपला ठिपका आता १०० गुणिले १९० भागिले २५५, म्हणजे ७५. आकाशाहून गडद, पानाहून उजळ, जिथे असायला हवा तिथेच. किनार जाते आणि केसाएवढी डहाळीसुद्धा तुटत नाही, कारण काही कापलेलंच नाही.

मल्टिप्लायमुळे पानंफुलं मात्र काळवंडतात, लाल रंग मरतो. म्हणून वरची प्रत नॉर्मल मोडमध्ये, मास्कसह ठेवायची. या मास्कवर लेव्हल्स उघडून काळा स्लायडर १३०च्या आसपास आणला की कडेचे करडे ठिपके गळतात आणि झाडाचा भरीव गाभा तेवढा राहतो. गाभ्याला खरे रंग वरचा लेयर देतो, कडा खालचा सांभाळतो. तपासायला मधे काही वेळ भडक गुलाबी रंगाचा लेयर टाकून १०० टक्क्यांवर सगळं झाड फिरून पाहावं. राहिलेला तुकडा लगेच डोळ्यात भरतो. जिंपमध्ये `Color to Alpha` हीच गोष्ट वेगळ्या वाटेने करतं: पांढरा रंग सांगितला की ते प्रत्येक ठिपक्यातून पांढऱ्याचा वाटा काढून तेवढी पारदर्शकता देतं. सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि पांढऱ्या आकाशासाठी फोटोशॉपहून सोपं.

हे सगळं चालतं ते फोटो नीट काढला असेल तर. आकाश फार बर्न झालं असेल तर त्याचा उजेड पातळ डहाळ्यांवर पसरून त्यांना खाऊन टाकतो, मग मास्कला उचलायला काही उरत नाही. म्हणून आकाश २५५ला टेकण्याच्या किंचित अलीकडे राहील असं एक्स्पोजर ठेवून झाड नंतर उजळवणं बरं. फोटो शक्यतो रॉमध्ये घ्यावा. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुधा कमी बारकाईने साठवली जाते, आणि निळ्या चॅनेलच्या कडा चौकोनी-चौकोनी निघतात.

आणि झाड निवडतानाच हेही पाहावं की त्यावर पांढरं काही नाही ना. शेवग्याची फुलं किंवा फांदीवर बसलेले बगळे निळ्या चॅनेलमध्येही आकाशाइतकेच उजळ दिसतात. मल्टिप्लाय तर त्यांना सरळ गायब करतो. त्यांच्यासाठी पेन टूल काढून बाह्यरेषा हातानेच काढावी लागते, आणि वरच्या लेयरच्या मास्कवर तेवढी जागा पांढरी भरावी लागते.