भाडेहक्काचा वारसा : बेंगळूरुतील पाच वर्षे

भाडेकरू मरण पावला की त्याचा भाडेहक्क वारसांकडे जातो का? या प्रश्नाला मुंबई आणि बेंगळूरु ही दोन शहरे निरनिराळी उत्तरे देतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ नुसार राहत्या घराचा हक्क मृत भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. दुकानाचा हक्क तेथे व्यवसायात असलेल्या कुटुंबीयाकडे आणि तसे कोणी नसल्यास वारसाकडे जातो. या संक्रमणाला कालमर्यादा नाही. त्याच वर्षीच्या कर्नाटक भाडे अधिनियमाने, जो २००१ च्या अखेरीस अमलात आला, वारसा मान्य केला. मात्र तो मृत्यूच्या तारखेपासून पाच वर्षांपुरताच.

कलम ५ मध्ये वारसांचा क्रम दिला आहे : प्रथम पती वा पत्नी, नंतर मुलगा-मुलगी, त्यानंतर आईवडील आणि शेवटी आधीच वारलेल्या मुलाची विधवा. पण केवळ नाते पुरेसे नाही. वारस मृत्यूपर्यंत कुटुंबीय म्हणून त्या जागेत सोबत राहत किंवा व्यवसाय करत असला पाहिजे आणि मृतावर अवलंबून असला पाहिजे. त्याच परिसरात त्याची स्वतःची जागा असेल तर पाच वर्षांचा हक्क मिळत नाही. सोबत राहणारा, पण स्वतः कमावता वारस असेल, तर त्याला फक्त एक वर्ष मिळते.

त्याआधीची पायरी मात्र बहुतेक कुटुंबे तपासत नाहीत. ती म्हणजे आपली जागा या कायद्यात बसते का, हे पाहणे. बेंगळूरुत दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागेला हा कायदा लागू नाही. व्यापारी जागेचे जोते-क्षेत्र १४ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १५० चौरस फुटांपर्यंतच असावे लागते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. चिक्कपेटेतील एका शिंप्याचे दुकान १२ बाय १२ फुटांचे, १४४ चौरस फुटांचे आहे आणि भाडे जुने, २,००० रुपये. पत्नी आधीच वारली आहे. धाकटा मुलगा वडिलांसोबत शिलाई करतो आणि त्यांच्याच उत्पन्नावर जगतो. शिंप्याच्या मृत्यूनंतर या मुलाला पाच वर्षे मिळतात. त्या काळातही मालक स्वतःची गरज यांसारखी कायद्यातील कारणे सिद्ध करून ताबा मागू शकतो. थोरला मुलगा मात्र दुसरीकडे राहतो व नोकरी करतो. कलम ५ त्याला काहीच देत नाही.

आता दुकान १४ बाय १२ फुटांचे, १६८ चौरस फुटांचे धरा. दोन फुटांच्या फरकाने ते कायद्याबाहेर गेले. तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागू होतो. त्यात भाडेहक्क वारसायोग्य आहे आणि तो दोन्ही मुलांकडे संयुक्तपणे जातो. पाच वर्षांची मर्यादा नाही. तरीही दरमहा चालणारा भाडेपट्टा मालक पंधरा दिवसांच्या नोटिशीने, कोणतेही कारण न देता संपवू शकतो. ही नोटीस एका संयुक्त वारसाला दिली तरी पुरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये म्हटले आहे. म्हणजे वारशाचा हक्क कागदावर पूर्ण आणि व्यवहारात पंधरा दिवसांचा.

व्यापारी भाडेहक्क वारसांकडे जातो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९८५ मध्ये दिल्लीच्या ज्ञानदेवी आनंद प्रकरणात सांगितले. त्या निकालाच्या आधारावर अनेक दुकानदार निर्धास्त असतात. पण तो निकाल दिल्लीच्या कायद्याच्या शब्दरचनेवर आहे. कर्नाटकने वारशाची मुदत स्वतःच्या कायद्यातच लिहून ठेवली आहे.

माझ्या मते पाच वर्षांची मर्यादा रास्त आहे. गिऱ्हाईक सांभाळत दुसरी जागा शोधायला तेवढा अवधी पुरतो आणि मालकाची मिळकत पिढ्यानपिढ्या अडकून पडत नाही. खटकते ती ‘अवलंबून असण्या’ची अट. वडिलांच्या दुकानात वीस वर्षे राबून स्वतःची कमाई उभी केलेल्या मुलीपेक्षा काहीच न कमावणाऱ्या मुलाची बाजू या अटीमुळे भक्कम ठरते. दुकानाच्या बाबतीत कसोटी व्यवसायातील प्रत्यक्ष सहभागाची असावी. महाराष्ट्राच्या कायद्याचा रोख तसाच आहे.

केंद्राने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेला आदर्श भाडेकरू कायदा वेगळा मार्ग सुचवतो : करार मालकाच्या आणि भाडेकरूच्या वारसांवर उरलेल्या मुदतीपुरता बंधनकारक राहील. लेखी करार असलेल्यांना त्यातून स्पष्टता मिळेल. मात्र जेथे केवळ भाडेपावत्यांवर व्यवहार चालतो, अशा जुन्या पेठांतील कुटुंबांसाठी ‘उरलेली मुदत’ मोजायची कशी, हा प्रश्न कायदा स्वीकारणाऱ्या राज्यांना सोडवावा लागेल. कर्नाटकातील पाच वर्षांची तरतूद त्यासाठी चांगला आरंभबिंदू ठरू शकते. तिची पात्रता मात्र गरजेपेक्षा श्रमावर बेतलेली हवी.